साखरपुडा पुढे ढकलला की मोडला?

दहावीच्या इंग्रजी तृतीय भाषेच्या कृतिपत्रिकेत एक लहानसा प्रश्न असतो: दिलेला वाक्प्रचार वापरून अर्थपूर्ण वाक्य लिहा. पोरं त्याची तयारी गाइडमधल्या यादीवरून करतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. 'गिव्ह अप' म्हणजे सोडणे, असं पाठ केलेला मुलगा माझ्या इगतपुरीच्या शिकवणीत हमखास लिहितो: 'आय गेव्ह अप माय ब्रदर ॲट द स्टेशन.' त्याला म्हणायचं असतं, मी भावाला स्टेशनवर सोडलं. वाचणाऱ्याला वाटतं, यानं भावाचा नाद सोडला किंवा त्याला पोलिसांच्या हवाली केलं. सवय, प्रयत्न, आशा सोडणं म्हणजे 'गिव्ह अप'. भावाला सोडायला 'ड्रॉप' लागतं. यादीतला 'सोडणे' हा शब्द चुकीचा नाही, फक्त काय सोडलं हे तो सांगत नाही.

हुशार मुलं वेगळी पळवाट काढतात. मराठीच्या पेपरात जसं 'सरांनी मला हातावर तुरी देणे या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला' असं वाक्य ठोकून देतात, तसंच इंग्रजीतही. त्या वाक्यात कुठलाही वाक्प्रचार बसतो, म्हणून ते अर्थपूर्ण नाही. वाक्प्रचार काढून तिथे दुसरा घातला तरी वाक्य तसंच उभं राहत असेल, तर ते खोडायचं. हा नियम मी पहिल्याच आठवड्यात सांगतो.

गंमत म्हणजे आपण मराठीत हेच प्रकार यादीशिवाय शिकलेलो असतो. 'सांगून टाक', 'सांगून ठेव' आणि 'सांगून बसला' यांतला फरक शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतो. 'टाक'मध्ये कुठे काही फेकलेलं नसतं आणि 'बसला'मध्ये कोणी खाली बसलेलं नसतं. घरात कोण, कोणाला, कुठल्या प्रसंगी काय म्हणालं, हे शेकडो वेळा ऐकून तो फरक मुरलेला असतो. इंग्रजीत तेवढं ऐकायला मिळत नाही, म्हणून मी एकच प्रसंग घेतो आणि तो सावकाश पिळून काढतो.

प्रसंग आमच्या गावचा. जुलैचा पाऊस. इगतपुरीत सकाळी अकराला साखरपुडा आहे आणि मुलीकडची मंडळी कल्याणहून गाडीनं निघाली आहेत. कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात आणि गाडी घाट चढते, हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही. त्या दिवशी घाटात दरड आली आणि गाडी कसाऱ्यालाच अडकली. 'द ट्रेन वॉज हेल्ड अप ॲट कसारा.' डब्यात पंखे बंद, प्यायचं पाणी संपलेलं, तरी मंडळी निमूट बसून. 'दे पुट अप विथ द हीट.' इकडे गुरुजी घड्याळ बघतायत. मुलाच्या काकांनी ठरवलं, कार्यक्रम संध्याकाळी करू. 'दे पुट ऑफ द सेरिमनी.' शेवटी पाचच्या सुमारास मंडळी दारात हजर. 'दे टर्न्ड अप ॲट फाइव्ह.'

आता मी विचारतो, काकांनी 'पुट ऑफ'ऐवजी 'कॉल ऑफ' केलं असतं तर? वर्गात क्षणभर शांतता, मग मागच्या बाकावरची एखादी मुलगी म्हणते, "सर, मग साखरपुडाच मोडला ना!" पुढे ढकलणं आणि रद्द करणं यांची गल्लत त्यानंतर ती करत नाही. यादीत हे दोन अर्थ शेजारीशेजारी असतात आणि शेजारी असल्यामुळेच ते एकमेकांत मिसळतात. तेच 'पुट'चं. 'पुट ऑफ', 'पुट आउट', 'पुट ऑन', 'पुट अप विथ' एका दिवशी ओळीनं पाठ केले की आठवड्यानं चारही डळमळीत होतात. प्रसंगात 'पुट अप विथ' डब्यातल्या उकाड्याला चिकटतं आणि 'पुट ऑफ' काकांच्या निर्णयाला.

दुसरी चाचणी कर्माची. 'सेरिमनी' काढून 'इट' घाला. 'दे पुट इट ऑफ' बरोबर, 'दे पुट ऑफ इट' चूक. पण उकाड्याचं वाक्य 'दे पुट अप विथ इट' असंच राहतं, तिथे 'इट' मध्ये शिरत नाही. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नात नेमकं इथेच बोट ठेवता येतं आणि नुसता अर्थ पाठ असलेला इथेच घसरतो. कॉलिन्स कोबिल्ड या १९८७च्या कोशानं अर्थ देताना पूर्ण वाक्य लिहिण्याची पद्धत रूढ केली, ती मला याचसाठी आवडते. कोण करतं, कशाला करतं आणि ते 'कशाला' कुठे बसतं, हे अर्थाबरोबरच दिसतं. मुलांच्या वहीतही मी शब्दापुढे मराठी अर्थ लिहू देत नाही, वाक्य लिहायला लावतो.

स्टाफ सिलेक्शनची तयारी करणारी मोठी मुलं संध्याकाळी येतात. त्यांच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात सध्याच्या रचनेनुसार शंभरपैकी पंचवीस प्रश्न इंग्रजीचे, वेळ साऱ्या पेपरला मिळून एक तास, प्रत्येक बरोबर उत्तराला २ गुण आणि चुकीला ०.५० वजा. त्यांच्याकडे सगळंच प्रसंगातून शिकण्याइतका वेळ नसतो. म्हणून आधी जुने पेपर काढून त्यात आलेले वाक्प्रचार वेगळे करायचे आणि त्यांचे तीन ढीग करायचे. पहिला ढीग जुळ्यांचा: 'अ व्हाइट एलिफंट' म्हणजे पांढरा हत्ती, 'क्रोकोडाइल टिअर्स' म्हणजे नक्राश्रू. यांवर वेळ घालवायचा नाही. दुसरा परक्यांचा: 'बरी द हॅचेट', म्हणजे भांडण मिटवणं. कुऱ्हाड पुरण्याचा आणि भांडणाचा संबंध वाक्यावरून उलगडेलच असं नाही, तिथे सरळ पाठांतरच बरं. प्रसंगातून शिकण्याची मर्यादा ती हीच.

खरा घात तिसऱ्या ढिगात, फसव्यांच्या. 'टु पुल समवन्स लेग' वाचताच मराठी मनाला पाय ओढणं आठवतं, म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणं. इंग्रजीत ती फक्त थट्टा. पर्यायांत 'एखाद्याच्या प्रगतीत अडथळा आणणे' अशा अर्थाचं काही असलं की आपली मुलं तिकडेच वळतात आणि अडीच गुणांचा फरक पडतो. हा ढीग लहान असतो, पण माझा निम्मा वेळ त्याला जातो. प्रत्येकासाठी एक असं वाक्य करायचं, ज्यात मराठी अर्थ घातला तर हसू येईल. 'माझी आजी मायेनं माझा पाय ओढत होती', हे एकदा म्हटलं की पुरतं.

एका प्रसंगाचा धोकाही आहे. 'कॉल ऑफ' फक्त लग्नकार्यालाच लागतं, असं मुलं धरून बसतात. म्हणून आठेक दिवसांनी मी दुसरीकडून विचारतो. एसटीचा संप मागे घेतला, याचं इंग्रजी सांगा. यादीवाला 'टेक बॅक' शोधत बसतो, कारण त्याच्याकडे 'मागे' आणि 'घेणे' हे दोनच धागे असतात. साखरपुडा मोडताना पाहिलेली मुलगी थोडं थांबते, मनाशी काहीतरी जुळवते आणि म्हणते, "दे कॉल्ड ऑफ द स्ट्राइक." मग मी तिला लगेच 'इट' घालायला सांगतो. 'दे कॉल्ड इट ऑफ' असं आलं, तरच तो वाक्प्रचार तिच्या वहीत शिकून झालेल्यांच्या पानावर जातो.