पाच गुणांचा सत्यशोधक समाज

गेल्या उन्हाळ्यात मराठी विभागाच्या कपाटाला वाळवी लागली म्हणून आम्ही दोघांनी ते रिकामे केले. वरच्या फळीवर आमच्याच हस्ताक्षरातल्या चिठ्ठीखाली चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा एक जुना गठ्ठा निघाला. विषय इतिहास. आम्ही दोघेही मराठीचे. इतिहासाचे पद दोन वर्षे रिकामे होते आणि ‘तुम्ही फुले शिकवताच की’ एवढ्या पात्रतेवर ते तास आमच्या गळ्यात पडले होते. रद्दीत टाकण्याआधी चार कागद चाळावेत म्हणून बसलो, आणि एका उत्तरपत्रिकेवर अडलो.

प्रश्न नेहमीचाच होता. ‘सत्यशोधक समाजाविषयी दीडशे शब्दांत माहिती लिहा’, गुण पाच. वर्गाला आम्ही या प्रश्नाचा एक नमुना लिहून दिला होता, ‘कारणे’, ‘घटना’, ‘परिणाम’ अशा तीन ठळक मथळ्यांखाली. बहुतेकांनी तो जसाच्या तसा उतरवला होता आणि आम्ही चार-चार गुण वाटले होते. या एका मुलीने मथळे दिले नव्हते. तिने सुरुवातच अशी केली होती की आमच्या पणजीच्या लग्नात भटजी नव्हता, मंगलाष्टके घरच्यांनीच म्हटली, आणि त्यावरून गावात भांडण झाले. मग भटजी लग्नाला का लागत असे, तो नको असे प्रथम कोणी आणि कधी ठरवले, इकडे ती वळली होती. समासात आमचा लाल शेरा होता, ‘वैयक्तिक. मुद्देसूद नाही.’ गुण दोन.

तिच्या कागदाशेजारी आम्ही आमचा नमुना ठेवून वाचला. तो थोडक्यात सांगतो. कारणांत, १८४८ साली ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा झालेला अपमान, ब्राह्मणांचे वर्चस्व, बहुजनांचे अज्ञान. घटनांत, १८४८ ची मुलींची शाळा, १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, आणि १८७३ ची स्थापना. परिणामांत, ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, १८७५ चे शेतकऱ्यांचे दंगे, स्त्रीशिक्षणाचा प्रसार, समाजजागृती. दिसायला तीन कप्पे अगदी नेटके होते. आत भरलेला माल मात्र जवळजवळ सगळा चुकीच्या कप्प्यात होता.

वरातीचेच पाहा. ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, कारण ती गोष्ट आहे. पण वरात १८४८ ची आणि संस्था १८७३ ची. अपमान हे जर कारण असेल, तर ते पंचवीस वर्षे काय करीत होते? त्या अपमानाने जोतीरावांच्या वैयक्तिक वाटचालीला वळण दिले असे म्हणता येईल. संस्था का निघाली हे त्याने समजत नाही. प्रश्न जोतीरावांवर नाही, सत्यशोधक समाजावर आहे, हे आम्हीच विसरलो होतो. त्यामुळे घटनांचा कप्पाही त्यांच्या चरित्राने भरून गेला. शाळा, गृह, हौद ही कामे महत्त्वाची खरीच, पण ती समाजाच्या स्थापनेआधीची आहेत. समाजाने ती केलेली नाहीत.

मग कारण कशाला म्हणायचे? आज आम्ही वर्गात एक साधी कसोटी वापरतो. ती गोष्ट २४ सप्टेंबर १८७३ पूर्वी हजर असली पाहिजे, आणि शाळा काढून भागले नाही, संघटनाच का लागली, हे तिने सांगितले पाहिजे. या कसोटीला पणजीचे लग्न नेमके उतरते. शेतकऱ्याच्या घरी बारसे असो, लग्न असो की तेरावा, विधी सांगायला पुरोहित लागे आणि दक्षिणा द्यावी लागे. पुरोहित चुकीचे सांगतो हे एखाद्याला पटले, तरी मुलीचे लग्न थांबवून ठेवता येत नाही. एकट्यादुकट्याने ही वाट सोडणे म्हणजे भावकीत एकटे पडणे. त्यासाठी पर्यायी विधी हवा, आणि तो मान्य करणारी माणसे पाठीशी हवीत. ती माणसे म्हणजेच संघटना. दुसरे कारण याला जोडूनच येते. प्रार्थना समाज १८६७ साली आणि पुणे सार्वजनिक सभा १८७० साली निघालेली होती. पण दोन्हींचे पुढारपण उच्चवर्णीय सुशिक्षितांकडे होते. गावच्या दप्तरात कुलकर्णी, कचेरीत त्याचेच इंग्रजी शिकलेले जातभाई, आणि सुधारणेच्या व्यासपीठावरही पुन्हा तेच, असे चित्र माळ्याकुणब्यांना दिसत होते. ‘अज्ञान’ हा शब्द कारणांत लिहायला सोपा, पण कोणत्या शतकात तो खोटा ठरेल? जो शब्द कुठल्याही चळवळीच्या उत्तरात बसतो, तो या उत्तरात गुण मिळवून देत नाही.

‘गुलामगिरी’ परिणामांत टाकण्याची चूक तर आम्हा मराठीच्या माणसांना शोभणारी नव्हती. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर १ जून १८७३ ही तारीख आहे, म्हणजे समाजाच्या स्थापनेआधी जवळजवळ चार महिन्यांची. तो चळवळीच्या पूर्वतयारीत मोडतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. तो घटनांत येऊ शकतो. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ जोतीरावांच्या निधनानंतर, १८९१ साली छापले गेले. ग्रंथांची यादी आपण सवयीने एका दमात म्हणतो आणि त्या दमातच कप्पे कोसळतात.

सर्वांत अवघड कप्पा परिणामांचा. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला दंगा उसळला, सावकारांची खतपत्रे जाळली गेली. दोन वर्षांपूर्वी जवळच पुण्यात समाज स्थापन झालेला. तेव्हा हा त्याचाच परिणाम, असे आम्ही बिनधास्त लिहून दिले. खरे तर अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, सरकारने शेतसारा वाढवला आणि शेतकरी कर्जात रुतला. दंग्याची ही कारणे इतिहासाच्या कोणत्याही बऱ्या पुस्तकात आहेत. शिवाय रोख सावकाराविरुद्ध होता, पुरोहिताविरुद्ध नव्हे. नंतर घडले एवढ्यावरून काही परिणाम ठरत नाही. परिणाम लिहायचा तर समाजापासून तिथवर जाणारी पायवाट एका वाक्यात दाखवता आली पाहिजे. समाजाच्या कार्यकर्त्यांनी पुरोहिताविना लग्ने लावली, त्यातून दक्षिणेच्या हक्काचे दावे उभे राहिले, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे प्रकरण तर उच्च न्यायालयापर्यंत गेले. ही पायवाट दिसते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधू’ काढला, पुढे तो मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांकडे गेला आणि त्याच लोखंड्यांनी गिरणी कामगारांना संघटित केले, हीही दिसते.

कोल्हापूरच्या बाबतीत मात्र जपून चालावे लागते. शाहू महाराजांचा पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश २६ जुलै १९०२ चा. कोल्हापुरात सत्यशोधक समाज सुरू झाला तो १९११ साली. आदेशामागे जोतीरावांच्या विचारांचे वारे नव्हते असे कोण म्हणेल? पण लगतचे कारण वेदोक्ताचा वाद होता. ‘सत्यशोधक समाजामुळे राखीव जागा आल्या’ असे एका फटकाऱ्यात लिहिणारा विद्यार्थी नऊ वर्षे उलटी मोजत असतो. हुशार मुले इथेच सापडतात, कारण त्यांना १९०२ आणि १९११ दोन्ही सनावळ्या ठाऊक असतात, फक्त शेजारी ठेवून पाहिलेल्या नसतात.

आणि एकच गोष्ट वेगवेगळ्या कप्प्यांत जाऊ शकते, हे आम्हाला त्या मुलीच्या कागदाने शिकवले. पुरोहिताशिवाय लग्न लागत नसे, हे कारण. समाजाने डिसेंबर १८७३ मध्ये तसे पहिले लग्न लावले, ही घटना. आणि पन्नाससाठ वर्षांनी एका खेड्यात तिच्या पणजीचे लग्न तसेच लागले, गावाने भांडण केले तरी लागले, हा परिणाम. तिने मथळे लिहिले नव्हते, पण तिन्ही पायऱ्या होत्या आणि त्यांना जोडणारी पायवाटही होती. चार गुण घेणाऱ्या उत्तरांत मथळे होते, पायवाट नव्हती.

आता आम्ही वर्गाला देतो तो मजकूर असा आहे. मथळे नाहीत, परिच्छेद एकच.

‘एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात जन्म, विवाह, मृत्यू या प्रत्येक प्रसंगी पुरोहिताची दक्षिणा चुकत नसे, गावचे दप्तर आणि नव्या सरकारी नोकऱ्याही मुख्यतः ब्राह्मणांच्या हाती होत्या. प्रार्थना समाज (१८६७) व पुणे सार्वजनिक सभा (१८७०) यांचे नेतृत्व उच्चवर्णीय सुशिक्षितांकडे असल्याने शेतकरी व कारागीर जातींना स्वतःच्या संघटनेची गरज भासली. म्हणून जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. ईश्वर व भक्त यांच्यात मध्यस्थ नको, हे त्याचे सूत्र होते. त्याच वर्षी डिसेंबरात पुरोहिताविना पहिला विवाह झाला. १८७७ पासून ‘दीनबंधू’ने समाजाचे विचार पसरवले. अशा विवाहांमुळे दक्षिणेचा हक्क न्यायालयात वादविषय झाला. ‘दीनबंधू’ पुढे चालवणाऱ्या लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले. विसाव्या शतकात या चळवळीतून ब्राह्मणेतर राजकारण उभे राहिले. मात्र त्या राजकारणात अस्पृश्यांचा प्रश्न मागे पडत गेला.’

यातले ‘म्हणून’ आणि ‘अशा विवाहांमुळे’ हे दोन सांधे मथळ्यांचे काम करतात. ते काढले तर मजकूर पुन्हा सनावळी होतो. शेवटचे ‘मात्र’ही आम्ही मुद्दाम ठेवले आहे. परिणामांत मर्यादा लिहिली की तपासणाऱ्याला कळते, या मुलाने पाठ केलेले नाही. निदान ‘मात्र’पर्यंत तरी नाही. आता पाठ करणारे ‘मात्र’सकट पाठ करतात, हेही खरेच. असो.

त्या मुलीचे गुण बदलण्याची आता काही सोय नाही. मजकुराचे शब्द मोजले तर दीडशेत अजून पस्तीसएक शिल्लक राहतात. तेवढ्यात पणजीचे लग्न बसते. वर्गाला आम्ही ते शब्द मोकळे सोडायला सांगतो.