सर्वनामाची पायरी

२००६ सालचा पावसाळा. मालवणात नारळी पौर्णिमा जवळ आली होती, आणि वाचनालयात ओळख झालेल्या एका मुलीला मी एसएमएस पाठवू लागलो होतो. देवनागरीत एका संदेशात ७० चिन्हेच मावत. माझ्यासारख्या बुजऱ्याला ही मर्यादा सोयीचीच होती.

पहिला आठवडा 'तुम्ही सुचवलेली कादंबरी वाचली' यात गेला. दुसऱ्यात 'तुमच्याकडे पाऊस कसा आहे?' असे विचारले. पुस्तकाचे निमित्त सुटले. तिसऱ्यात 'तुम्ही' जड वाटू लागले, पण 'तू' म्हणण्याचे धैर्य नव्हते. तेव्हा मराठीनेच आडोसा दिला: 'उद्या बंदरावर येणार का?' 'येणार' या रूपाला पुरुष नाही, वचन नाही. पुढचे 'आहात' वा 'आहेस' गाळले की आदर आणि जवळीक दोन्ही झाकून राहतात. नकार आला असता, तर मागे फिरायला वाट होती.

उत्तर आले: 'येईन. पण नीट विचार ना.' 'विचारा' नव्हे, 'विचार'. एक काना तिने गाळला होता. मी लिहिले, 'येशील?' आणि चार दिवसांनी, 'तू मला आवडतेस'. ७० पैकी जेमतेम १३ चिन्हे. आडोसा मात्र एकही नव्हता.