कडेवरचा पोचा

गोदामात आंब्याच्या रसाची पेटी घसरली आणि बारा डब्यांना पोचे आले. "निम्म्या भावात विकू," मी म्हणालो. वडिलांनी प्रत्येक डब्याच्या दोन्ही कडांवरून व उभ्या सांध्यावरून बोट फिरवले. पोटाला उथळ पोचा असलेले आठ डबे त्यांनी ठेवले; कडेवर वा सांध्यावर दबलेले चार वेगळे काढले. तेथे केसाएवढी फट पडली तरी जंतू आत शिरतात.

जुन्या साठ्यातील एका डब्याचे झाकण फुगलेले दिसले. मी चव पाहण्याचे सुचवले. ते म्हणाले, "आतल्या विषाला वास वा चव असेलच असे नाही." पाचही डबे न उघडता टाकले.

आजही लेबलावरील तारीख वाचण्यापूर्वी माझे बोट कडेवर जाते.