टेबलाखालचं पेडल

माझ्या टेबलाखाली तीन पट्ट्यांचं एक पेडल असतं. मधली पट्टी दाबली की आवाज सुरू, डावीने मागे, उजवीने पुढे. पाय उचलला की थांबतो आणि परत दाबला की सेकंदभर मागून सुरू होतो, त्यामुळे अर्धवट राहिलेला शब्द पुरा ऐकू येतो. हात कीबोर्डवरून हलत नाहीत.

ही सवय लागली मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनच्या नोकरीत. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी आम्ही इथे बसून टाइप करायचो आणि पैसे ओळींवर मिळायचे. पासष्ट अक्षरांची एक ओळ, त्यात मोकळ्या जागाही धरायच्या. जेवढं टाइप कराल तेवढं पदरात पडायचं. पुढे घरी मूल आल्यावर नोकरी सुटली. मी स्वतःचं पेडल विकत घेतलं आणि मराठी मुलाखती उतरवायला लागले. इथे हिशोब ऑडिओच्या मिनिटावर होता. साठ मिनिटांची फाइल म्हणजे साठ मिनिटांचे पैसे, मग त्यात एक माणूस सावकाश बोलत असो की सात जणी एकदम.

त्या सात जणींची फाइल मला अजून आठवते. रेशनच्या धान्याबद्दल गावातल्या बायकांशी केलेली गटचर्चा होती. मोबाइल सतरंजीवर एका टोकाला ठेवलेला आणि वर पंखा गरगरत होता. दर मिनिटाला वीस रुपये, म्हणजे तासाचे बाराशे. स्वच्छ आवाजातली तासाभराची मुलाखत मला साधारण चार तास घेते, म्हणजे तासाला तीनशे पडतात. या फाइलला दोन दिवस मिळून बारा तास लागले आणि तासाचे शंभर पडले. दर तोच राहिला, मेहनत तिप्पट झाली.

पंख्याचा वारा माइकवर आदळला की खालच्या पट्टीत घरघर बसते. ती खालची पट्टी छाटली की बोलणं पुष्कळ वर येतं. पण आवाज साफ करायचा म्हणून नॉइज रिडक्शनचा फिल्टर फार कडक लावला, तर घरघरीबरोबर ‘स’, ‘फ’, ‘ह’ हेही पुसले जातात. म्हणून मी साफ केलेली प्रत ऐकून लिहिते आणि अडलेली जागा मूळ फाइलवर पुन्हा ऐकते.

तरीही एक वाक्य निसटत होतं. एक बाई म्हणत होती, ‘आमाला धान्य येळेवर भेटत...’ आणि नेमक्या तिथे दुसरी खोकली. पुढे ‘नाय’ होतं की नव्हतं? आपल्याकडे नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो, आणि शेवटाशी आवाज खाली जातो, तेवढ्यात शेजारचं माणूस बोलायला लागतं. करारात नव्व्याण्णव टक्के अचूकता लिहिलेली असते. तासाभराच्या बोलण्यात सात हजार शब्द धरले, तर सत्तर चुका माफ. त्या हिशोबात हा ‘नाय’ एकच शब्द, ‘म्हणजे’ किंवा ‘बरं का’ गळल्याइतकाच. पण तो गळला तर त्या बाईची तक्रार समाधान होऊन अहवालात जाते. मी तिथे [अस्पष्ट ००:३१:१४] असं लिहिलं. संदर्भावरून ‘नाय’च असणार असं मलाही वाटत होतं, पण वाटणं आणि ऐकू येणं यांत मी फरक करते. वेळ लिहिलेली असली की चर्चेला हजर असलेला माणूस थेट त्या जागी जाऊन ऐकू शकतो.

कॅप्शनच्या कामात हाच नकार दुसरीकडून अडवतो. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, आणि त्या वाचून होईपर्यंतच टिकणार. बोलणारा वेगात असला की वाक्य दोन कॅप्शनमध्ये तोडावं लागतं. ‘हे औषध गरोदरपणात घ्यायचं’ एका कॅप्शनमध्ये आणि ‘नाही’ पुढच्यात, असं मी कधीही जाऊ देत नाही. त्यापेक्षा आधीचे ‘तर मग काय’ काढते.

‘उद्या सकाळपर्यंत हवं’ असं सांगणारे असतातच. मग फाइल तिघींत वाटली जाते आणि पहिल्या भागातली ‘स्त्री २’ दुसऱ्या भागात ‘स्त्री ४’ होऊन बसते. सुरुवातीला सगळ्यांनी आपापली नावं सांगितलेली असतात, पण तो तुकडा एकीच्याच वाट्याला आलेला असतो. म्हणून तातडीच्या कामात ती पहिली पाच मिनिटं आम्ही तिघीही ऐकतो, आणि शेवटी एकजण सगळं सलग वाचते. तातडीचा जास्त दर या वाचनाचा असतो.

आता मी दर आधी सांगत नाही. फाइलच्या मधली पाच मिनिटं मागवते, कारण सुरुवातीला सगळेच नीट बोलतात. ती उतरवायला वीस मिनिटं लागली तर माझा नेहमीचा दर, तासभर लागला तर तिप्पट. काही जण दुसरीकडे जातात. काही जण विचारतात, ‘ताई, मग रेकॉर्डिंग कसं करू?’ त्यांना सांगते, पंखा बंद करा, मोबाइल गटाच्या मधोमध ठेवा, आणि दोघी एकदम बोलल्या तर तिथेच थांबवून एकेकीला पुन्हा विचारा.