पिवळी गोळी रोज देते, तरी पाय का दुखले?

पाय दुखतात म्हणून कोणी लहान मुलाला माझ्याकडे घेऊन आलं की मी आधी विचारते, "तुमचं मूळ गाव कोणतं?" चाकण, महाळुंगे, निघोजे या पट्ट्यात राहणारी निम्मी कुटुंबं मुळची इथली नाहीत. नंदुरबार, धुळे, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया अशी नावं ऐकली की माझ्या मनात सिकलसेलचा विचार येतो. हा आजार पुण्याच्या आसपास फारसा नाही, म्हणून इकडे तो पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही. पाय दुखतात म्हणजे वाढीचं दुखणं, असं समजून कॅल्शियमचं सिरप दिलं जातं. खरं तर यावर मोठं काम पुण्यातूनच झालं आहे. हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाचे डॉ. सुदाम काटे यांनी सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलवर अनेक वर्षं काम केलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एप्रिलमध्ये धडगावकडची एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. वजन १४ किलो. सिकलसेलचं निदान गावाकडेच झालेलं होतं, कागद नीट प्लास्टिकच्या पिशवीत. मूल पहाटेपासून दोन्ही नडग्या धरून रडत होतं. ताप नव्हता, श्वास मोकळा होता, पोट मऊ होतं, हिमोग्लोबिन त्याच्या नेहमीच्या आठच्या आसपासच. आईचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, पिवळी गोळी एक दिवस चुकवली नाही. मग दुखणं आलंच कसं?"

पिवळी गोळी म्हणजे फॉलिक ॲसिड. तिचं काम काय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आपली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलसेलच्या मुलाची १० ते २० दिवसच. त्यामुळे हाडांतला मगज सतत नव्या पेशी बनवत राहतो आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड जास्त लागतं. ते कमी पडलं तर आधीच कमी असलेलं हिमोग्लोबिन आणखी घसरतं. गोळीचं काम इथे संपतं. पेशी विळ्यासारखी वाकणं ती थांबवत नाही आणि दुखणंही टाळत नाही. दुखण्याचे झटके कमी करणारं औषध वेगळं आहे, हायड्रॉक्सीयुरिया. ते ठरावीक काळाने रक्त तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. शाळेत किंवा अंगणवाडीत मिळणाऱ्या गोळीत किंवा सिरपमध्ये फॉलिकबरोबर लोहही असतं. सिकलसेलच्या मुलाला लोह कमी आहे का, हे तपासल्याशिवाय ते देऊ नये. वारंवार रक्त चढवलेल्या मुलात लोह आधीच साठलेलं असू शकतं.

मग त्या रात्री झालं काय? मी पाण्याबद्दल विचारलं आणि उत्तर तिथेच सापडलं. मूल रोज अंथरूण ओलं करायचं. खोली भाड्याची, वर पत्रा, गादी एकच. म्हणून आईने संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद केलं होतं. बालवाडीतही तो पाणी पीत नसे, कारण तिथल्या संडासाला कडी नव्हती आणि त्याला भीती वाटायची.

सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी कमी प्यायलं तरी लघवी पातळ आणि भरपूरच होते. म्हणजे अंथरूण ओलं होणं हा आजाराचाच भाग आहे, मुलाचा हट्ट नव्हे, आणि पाणी तोडून ते थांबत नाही. उलट शरीर सुकतं. शरीर सुकलं की लाल पेशीतलंही पाणी कमी होतं, आतलं हिमोग्लोबिन दाटतं आणि दाटलेलं सिकल हिमोग्लोबिन लवकर एकमेकांना चिकटून पेशी कडक करतं. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यापुढच्या हाडाला रक्त मिळत नाही, ते हाड ओरडतं. पत्र्याखालची एप्रिलची रात्र आणि बारा तास पाणी नाही, एवढं पुरेसं होतं.

मग आम्ही हिशोब केला. पहिल्या १० किलोंना एक लिटर आणि पुढच्या प्रत्येक किलोला ५० मिली, म्हणजे १४ किलोच्या मुलाला दिवसाला साधारण १२०० मिली. यात दूध, ताक, वरणाचं पाणी सगळं धरायचं. कडक उन्हाळ्यात किंवा अंग दुखायला लागलं की दीडपट, म्हणजे १८०० मिलीपर्यंत. आईला मिलीलिटर नको होते, म्हणून तिच्याच घरातला स्टीलचा पेला मोजला. तो २०० मिलीचा निघाला. रोज सहा पेले, उन्हात नऊ. रात्री झोपमोड करून एकदा लघवीला उठवायचं आणि उठवलं की दोन घोट पाणी पाजायचं. गादीवर प्लास्टिक अंथरायचं. बालवाडीच्या बाईंना मी चिठ्ठी दिली की याला बाटली जवळ ठेवू द्या आणि मागेल तेव्हा संडासला कोणीतरी सोबत जा.

त्या दिवशी पॅरासिटामॉल दिलं, किलोला १५ मिलिग्रॅम म्हणजे साधारण २०० मिलिग्रॅम, पुढे दर सहा तासांनी. ओआरएस घोटघोट. नडग्यांना कोमट शेक. बर्फ कधीच लावायचा नाही, गारव्याने रक्तवाहिन्या आणखी आखडतात. आयबुप्रोफेन पोटात पाणी आणि अन्न गेल्यावरच दिलं, कारण सुकलेल्या मुलात ते मूत्रपिंडाला जड जातं. दुपारपर्यंत तो उठून बसला. उतार पडला नसता तर सलाईन आणि त्याहून जोरकस वेदनाशामकासाठी भरती करावं लागलं असतं. मात्र अशा मुलाच्या छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर घरी पाणी पाजत बसू नका. तेव्हा जास्त पाणीही फुप्फुसाला घातक ठरू शकतं, थेट रुग्णालय गाठा.

त्या पिशवीतल्या कागदांत पेनिसिलिनचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता, आणि मला दुखण्यापेक्षा त्याची जास्त काळजी वाटली. न्यूमोकोकससारख्या जंतूंना रक्तात गाठण्याचं काम पानथरी, म्हणजे प्लीहा, करते. सिकलसेलमध्ये ती लहानपणीच निकामी होऊ लागते, कधीकधी हाताला मोठी लागत असूनही. मग साधा वाटणारा ताप काही तासांत रक्तातला जंतुसंसर्ग होऊन मूल दगावू शकतं. म्हणून पेनिसिलिन व्ही रोज दोन वेळा द्यायचं असतं, तीन वर्षांपर्यंत १२५ मिलिग्रॅम आणि त्यानंतर निदान पाच वर्षांपर्यंत २५० मिलिग्रॅम. पाकिटावर "४ लाख युनिट" लिहिलेलं असलं तरी ती २५० मिलिग्रॅमचीच गोळी. औषध दुकानात नसेल तर थांबवू नका, डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्या. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगा. न्यूमोकोकलची पीसीव्ही लस आता सरकारी लसीकरणात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी मिळते. या मुलांना दोन वर्षांनंतर २३ प्रकारांची वेगळी लसही लागते, ती मात्र मागून घ्यावी लागते.

आणि ताप १०१ फॅरनहाइटवर गेला, तर मूल खेळत असलं तरी त्याच दिवशी, रात्र असली तर त्याच रात्री, रुग्णालयात न्या आणि दारातच सांगा, "याला सिकलसेल आहे." पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. सुट्टीत गावी जाताना पेनिसिलिनची पूर्ण पाकिटं, थर्मामीटर आणि मच्छरदाणी सोबत असू द्या. मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं ते फक्त वाहकांना. आजार असलेल्या मुलाला मलेरिया झाला तर तो फार जड जातो. रात्रभराच्या एसटीत पाण्याची बाटली सामानात बांधून टाकू नका, मुलाच्या हातात द्या.