समोरासमोरच्या गाड्या

अंकगणितात काळ आणि वेगाचे प्रकरण आले, की बऱ्याच घरांत संध्याकाळी मुलांचे चेहरे उतरतात. अमुक लांबीची गाडी तमुक लांबीचा फलाट किती वेळात ओलांडील, दोन गावांहून निघालेले दोन वाटसरू कोठे भेटतील, हे प्रश्न वडीलधाऱ्यांपुढे येतात. काका एक सूत्र सांगतात, थोरला भाऊ दुसरे सांगतो, आणि मुलगा दोन्ही पाठ करून परीक्षेत तिसरेच लिहून येतो. पुष्कळ वर्षे कोल्हापुरात हा विषय शिकविल्यावर आमचे मत असे झाले आहे की, येथे सूत्रे पाठ करण्याचे कारणच नाही. दोन प्रश्न स्वतःस विचारावे: आपण कोणाच्या जागी बसून पाहतो आहोत? आणि तेथून पाहता किती अंतर सरून जावयाचे आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे फार जुने आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ग्रंथात, गणितपादामध्ये, त्याचा नियम एका श्लोकात दिला आहे. दोन ग्रह परस्परांच्या विरुद्ध चालत असतील तर मधल्या अंतरास गतींच्या बेरजेने भागावे. एकाच दिशेने चालत असतील तर गतींच्या वजाबाकीने भागावे. म्हणजे भेटीचा काळ मिळतो, मग ती भेट होऊन गेलेली असो वा व्हावयाची असो. आपली अमावास्या हे याचेच उदाहरण आहे. चंद्र दिवसास सुमारे १३ अंश चालतो व सूर्य सुमारे १ अंश. दोघे एकाच दिशेने जातात, म्हणून वजाबाकी घ्यावयाची. ती १२ अंशांहून किंचित अधिक येते आणि ३६० अंशांची पूर्ण आघाडी घेऊन पुन्हा सूर्यास गाठण्यास चंद्रास सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. सूर्य जागीच थांबला आहे आणि चंद्र १२ अंशांनी चालतो आहे, असे मानले तरी उत्तर तेच येते. एकास स्थिर करणे, हीच सारी युक्ती.

आता दुसरा प्रश्न. मुले बहुधा येथेच फसतात. इंजिनासह ३९० मीटर लांबीची एक गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने रुकडी स्टेशनातून न थांबता जात आहे असे समजू. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदास ५ मीटर. तेव्हा ही गाडी सेकंदास १५ मीटर जाते. फलाटावरील एका खांबास ओलांडताना तिला स्वतःची लांबी तेवढी सारावयाची असते, म्हणून २६ सेकंद. फलाट ३६० मीटरचा असेल तर तिचे तोंड फलाटाच्या आरंभास लागल्यापासून तिचा शेवटचा डबा फलाटाबाहेर पडेपर्यंत ३९० अधिक ३६०, म्हणजे ७५० मीटर सरले पाहिजेत. त्यास ५० सेकंद लागतील. आता याच गाडीच्या खिडकीत आपण बसलो आहो आणि समोरून ६०० मीटर लांबीची मालगाडी ताशी ३६ किलोमीटरने शेजारच्या रुळावरून येत आहे. वेगांची बेरीज ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदास २५ मीटर. आपल्या खिडकीपुढून मालगाडी २४ सेकंदांत निघून जाईल, कारण खिडकी हा केवळ एक बिंदू आहे. परंतु दोन्ही गाड्या एकमेकींपासून पूर्ण मोकळ्या होण्यास ९९० मीटर सरावे लागतात व सुमारे ४० सेकंद जातात. खिडकीतील मनुष्य विचारला आहे की गाडी विचारली आहे, एवढे एक ओळीत लिहून घेतले तर चूक होत नाही. आणि उत्तर आल्यावर एकदा पडताळावे: फलाटाचा काळ खांबाच्या काळाहून कमी आला, किंवा पाठलागाचा काळ समोरासमोरच्या काळाहून कमी आला, तर आकडेमोड पुन्हा करावी.

एके वर्षी आम्ही फळ्यावर पुढील उदाहरण घातले. कोल्हापूर ते मिरज ४८ किलोमीटर. कोल्हापूरची गाडी ८ वाजता ताशी ४० च्या वेगाने निघाली. मिरजेची ८ वाजून १२ मिनिटांनी ताशी ६० च्या वेगाने निघाली. कोठे भेटतील? एक गाडी आधी निघाली असेल तर तिची आघाडी प्रथम वजा करावी लागते. बारा मिनिटांत पहिली गाडी ८ किलोमीटर आली, उरले ४०. वेगांची बेरीज १००, म्हणून आणखी २४ मिनिटे. भेट ८ वाजून ३६ मिनिटांनी, कोल्हापुराहून २४ किलोमीटरवर. मुलांनी हे बरोबर सोडविले. इतक्यात मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, तेथे तर रूळ एकच आहे. मग गाड्या आदळणार नाहीत का?"

वर्ग हसला; आम्ही हसलो नाही. त्याचे वडील रेल्वेत सांधेवाले होते. कोल्हापूर-मिरज हा मार्ग १८९१ साली सुरू झाला, १९७१ साली रुंद झाला, परंतु त्या वेळी रूळ एकेरीच होता. अशा मार्गावर टोकनाचा गोळा ज्या गाडीच्या हाती, तिलाच पुढील स्टेशनापर्यंत जाण्याचा अधिकार. आणि तो गोळा देण्याघेण्याचे काम त्या मुलाने रात्री-अपरात्री जवळून पाहिले होते. पुस्तकातील भेट त्याच्या लेखी अपघात होती, आणि त्याचे म्हणणे खरे होते.

मग आम्ही उदाहरण पुढे नेले. भेट दुसरा रूळ असलेल्या स्टेशनातच झाली पाहिजे. हातकणंगले कोल्हापुराहून २१ किलोमीटर धरले, तर कोल्हापूरची गाडी तेथे ८ वाजून साडेएकतीस मिनिटांनी येईल. मिरजेच्या गाडीस तेथवर २७ किलोमीटर यावयाचे, म्हणून ती ८-३९ ला येईल. पहिलीने साडेसात मिनिटे थांबावे. आता मिरजेची गाडी १० मिनिटे उशिरा निघाली तर? हातकणंगल्यास पहिली साडेसतरा मिनिटे खोळंबेल. परंतु आणखी ८ किलोमीटरवर दुसऱ्या रुळाचे स्टेशन आहे असे मानू. पहिली गाडी न थांबता तेथे ८ वाजून साडेत्रेचाळीस मिनिटांनी पोहोचेल. मिरजेची ८-४१ ला आलेली असेल व अवघी अडीच मिनिटे थांबेल. भेटीचे स्टेशन बदलल्याने पंधरा मिनिटे वाचली.

हे कागदावर रेघांनीही दिसते. आडव्या अंगास वेळ व उभ्या अंगास अंतर घ्यावे. प्रत्येक गाडी ही एक तिरपी रेघ होते, थांबलेली गाडी आडवी रेघ. दोन रेघा जेथे छेदतात तेथे भेट. रेल्वेचे नियंत्रक असेच तक्ते वापरीत आले आहेत, आणि छेद स्टेशनाच्या रेघेवर आणणे हे त्यांचे काम. त्या मुलाकडून आम्ही तो तक्ता काढवून घेतला व महिनाभर वर्गात टांगून ठेविला.

अर्थात खरी गाडी एकाच वेगाने धावत नाही. निघताना व थांबताना तिची मिनिटे जातात, म्हणून खरी रेघ टोकांशी वाकते आणि वेळापत्रकात थोडी मोकळीक ठेवावी लागते. तरी नियम तोच राहतो. वाचकांपैकी कोणाची गाडी एकेरी मार्गावर लहानशा स्टेशनात विनाकारण उभी आहे असे वाटले, तर घरच्या मुलास विचारावे: समोरची गाडी किती लांब असेल? घड्याळ त्याच्या हाती द्यावे आणि उत्तर त्यालाच काढू द्यावे.