फोटोतला चष्मा आणि मिलिमीटर

माझा नंबर उणे सात आहे. म्हणजे चष्मा काढला की माझ्यापुरते स्पष्ट जग साधारण चौदा सेंटीमीटरांवर संपते. दुकानातल्या नव्या फ्रेममध्ये नुसत्या बिननंबरी काचा असतात. त्यामुळे नवी फ्रेम चढवून आरशासमोर उभे राहिले, की समोर दिसतो तो एक गव्हाळ रंगाचा ढग, आणि त्यावर दोन काळसर वर्तुळे. ती फ्रेम मला शोभते की नाही हे दुकानदार पाहतो, सोबत आलेली बायको पाहते, पलीकडे बसलेले अनोळखी गिऱ्हाईकही पाहते. ती वर्षानुवर्षे ज्याच्या नाकावर बसणार आहे, तो तेवढा पाहू शकत नाही.

म्हणून आमच्या नेहमीच्या चष्मेवाल्यांनी जेव्हा गिऱ्हाइकाचा फोटो काढून संगणकावर त्याच्या चेहऱ्यावर फ्रेमची चित्रे ठेवून दाखवायचे मनात घेतले, तेव्हा मला सगळ्यांपेक्षा जास्त आनंद झाला. जुना चष्मा लावून खुर्चीत बसावे आणि नव्या चष्म्यातला स्वतःचा चेहरा निवांत पाहावा, ही माझ्यासारख्यांची जुनी हौस. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यातला, म्हणून "हे चित्र खरे दाखवते का, ते तुम्ही बघा" असे त्यांनी मला सांगितले. या प्रश्नातला 'खरे' हा शब्द वाटतो तितका सोपा नाही. त्याविषयीच हा लेख आहे.

फोटोत मिलिमीटर नसतात, फक्त ठिपके असतात. एखाद्या फोटोत दोन बाहुल्यांमध्ये ६३० ठिपक्यांचे अंतर असेल, तर तो मोठा चेहरा दूरून काढलेला आहे की लहान चेहरा जवळून, हे त्या आकड्यावरून कळत नाही. अशा प्रकारच्या पुष्कळ कार्यक्रमांत यावर एक सोपी पळवाट असते: फ्रेमचे चित्र चेहऱ्याच्या रुंदीला बसेल इतके ताणायचे किंवा आवळायचे. परिणाम देखणा असतो. प्रत्येक फ्रेम प्रत्येक चेहऱ्याला अगदी बेताची बसते. पण गिऱ्हाइकाला नेमके जे विचारायचे असते, की ही फ्रेम मला मोठी होईल का, त्याचे उत्तर चित्र तयार होण्याआधीच पुसून टाकलेले असते. रंग आणि आकार पाहण्यापुरतेच ते चित्र उपयोगी.

खरे माप आणायचे तर चेहऱ्यावरची एक तरी लांबी मिलिमीटरमध्ये ठाऊक हवी. चष्मेवाल्याकडे अशी लांबी आयती असते: दोन बाहुल्यांमधले अंतर, ज्याला दुकानात पीडी म्हणतात. काचा घासण्यासाठी ते मोजावेच लागते. माझी पीडी ६३ आहे. फ्रेमचे मापही काडीच्या आतल्या बाजूला छापलेले असते. ५२, मग एक छोटा चौकोन, मग १८, आणि पुढे १४०. म्हणजे एका काचेची रुंदी ५२ मिलिमीटर, दोन काचांमधले नाकावरचे अंतर १८, काडीची लांबी १४०. फ्रेमची एकूण रुंदी मात्र त्यात नसते. ती कॅलिपरने मोजावी लागते. आमच्या उदाहरणातली फ्रेम १३६ मिलिमीटर भरली.

आता हिशेब त्रैराशिकाचा वाटतो. ६३ मिलिमीटरला ६३० ठिपके, म्हणजे मिलिमीटरला १०. १३६ मिलिमीटरची फ्रेम १३६० ठिपके रुंद काढायची. संपले. पडताळा म्हणून आम्ही तीच फ्रेम खरोखर माझ्या नाकावर ठेवली, मोबाइल त्याच अंतरावर, चेहऱ्यापासून ४० सेंटीमीटरांवर धरला आणि फोटो काढला. खरी फ्रेम सुमारे १४४५ ठिपके रुंद आली. हिशेबाने काढलेली फ्रेम खऱ्या फ्रेमपेक्षा सहा टक्के लहान होती.

सहा टक्के हा आकडा किरकोळ वाटेल. पण चष्म्याच्या दुनियेत एकच नमुना बहुधा दोन-दोन मिलिमीटरच्या पायऱ्यांनी येतो: काच ४८, ५० किंवा ५२. काच दोन मिलिमीटरने वाढली की एकूण रुंदी चारने वाढते. आमच्या चित्रातली १३६ची फ्रेम प्रत्यक्षात १२८ची दिसत होती, म्हणजे ५२ची फ्रेम ४८ची होऊन समोर आली होती. गिऱ्हाईक दोन पायऱ्या लहान फ्रेम पाहून पसंत करणार आणि घरी दोन पायऱ्या मोठी नेणार.

चूक त्रैराशिकात नव्हती. तिची दोन कारणे होती आणि दोन्ही जवळून फोटो काढण्यात दडलेली होती. पहिले कारण असे, की जवळच्या कॅमेऱ्याकडे पाहताना डोळे नाकाकडे वळतात. दूर पाहताना ६३ असलेले अंतर ४० सेंटीमीटरांवर पाहताना सुमारे साडेएकसष्ट होते, म्हणून ६३ धरून केलेला हिशेब सुरुवातीलाच खोटा पडतो. दुसरे कारण मोठे आहे. फ्रेम बाहुल्यांच्या पातळीत नसते, त्यांच्या सुमारे १५ मिलिमीटर पुढे असते. कॅमेरा ४०० मिलिमीटरांवर असताना १५ मिलिमीटर पुढची वस्तू जवळजवळ चार टक्के मोठी दिसते. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, त्यामुळे एकमेकींना खोडून काढण्याऐवजी त्यांची बेरीज झाली.

उपाय पहिल्यांदा सुचतो तो लांब जाण्याचा, आणि तो बरोबरच आहे. कॅमेरा दीड मीटरवर डोळ्यांच्या उंचीला ठेवून झूम वापरले, तर डोळे वळण्याची चूक अर्ध्या मिलिमीटरहून कमी होते आणि फ्रेम पुढे असण्याची चूक एका टक्क्यावर येते. दोन्ही मिळून १३६ मिलिमीटरांत दोन-सव्वादोनचा फरक उरतो, म्हणजे अर्धी पायरी. तोही घालवायचा असेल तर मोजपट्टी बाहुल्यांवर न ठेवता फ्रेम जिथे बसते तिथेच ठेवावी.

त्यासाठी आम्ही असे केले. दुकानातली एक साधी फ्रेम कॅलिपरने मोजून ठेवली: १३० मिलिमीटर. गिऱ्हाइकाला दीड मीटरवर बसवून एक फोटो ही फ्रेम घालून काढायचा आणि एक तसाच, काही न घालता. माझ्या पहिल्या फोटोत ही फ्रेम १०४९ ठिपके रुंद आली, म्हणजे फ्रेमच्या पातळीत मिलिमीटरला ८.०७ ठिपके. त्या फोटोत बाहुल्या ५०० ठिपके अंतरावर होत्या. दुसऱ्या फोटोत मी किंचित मागे रेललो होतो, त्यामुळे त्या ४९५ ठिपक्यांवर आल्या. त्या प्रमाणात मिलिमीटरला ७.९९ ठिपके धरले आणि १३६ची फ्रेम १०८७ ठिपके रुंद काढली. या रीतीत पीडी किती, डोळे किती वळले, नाक किती उंच, यांपैकी काहीही गृहीत धरावे लागत नाही. ते सगळे पहिल्या फोटोत मोजले गेलेले असते.

घरून फोटो पाठवणाऱ्याकडे अशी फ्रेम नसते. तिथे एटीएम कार्ड उपयोगी पडते. जगभर ते ८५.६ मिलिमीटर रुंद आणि ५४ उंच असते, आणि कपाळाला टेकवले की बाहुल्यांच्या पुढे, साधारण फ्रेमच्याच पातळीत येते. कार्डावरचा नंबर फोटोत येऊ नये म्हणून कोरी किंवा झाकलेली बाजू पुढे करावी. कार्ड कलले असेल तर तेही ओळखता येते: फोटोतली रुंदी उंचीच्या १.५९ पट भरली नाही, तर तो फोटो मापासाठी वापरू नये.

तयार चित्र खरे आहे की नाही हे गिऱ्हाइकालाही ताडून पाहता येते, आणि मला ही कसोटी फार आवडते. ५२ आणि १८ यांची बेरीज ७०, म्हणजे दोन काचांच्या मध्यबिंदूंमधले अंतर ७० मिलिमीटर. माझी पीडी ६३. तेव्हा या फ्रेममध्ये माझी प्रत्येक बाहुली काचेच्या मध्यापासून साडेतीन ते चार मिलिमीटर नाकाकडे दिसलीच पाहिजे. चित्रात डोळे काचांच्या अगदी मधोमध शोभून दिसत असतील, तर कोणीतरी फ्रेम आवळली आहे असे खुशाल समजावे.

हे साडेतीन मिलिमीटर नुसते शोभेचे नाहीत. उणे नंबरची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, आणि बाहुली काचेच्या मध्यापासून जितकी नाकाकडे, तितकी कानाकडची कड तिच्यापासून दूर आणि जाड. उणे सातच्या नंबरात १.६ अपवर्तनांकाच्या काचेची ही कड ५२ची फ्रेम घेतल्यास साधारण साडेसहा मिलिमीटर भरते, त्याच नमुन्याची ४८ची घेतल्यास पाचच्या आसपास. आमच्या पहिल्या चुकीच्या चित्राने ज्या दोन पायऱ्या गिळल्या होत्या, त्यांची किंमत ही. शून्यावरच्या नंबरवाल्याला मोठी फ्रेम म्हणजे फार तर फॅशनची चूक; जाड काचवाल्याला ते रोजचे ओझे.

माप बरोबर आले तरी चित्राला काही गोष्टी कळत नाहीत, आणि त्या गिऱ्हाइकाला आधीच सांगाव्यात असे मी सुचवले. फ्रेम नाकावर किती खाली उतरेल हे समोरून काढलेल्या फोटोतून ठरत नाही. धातूच्या फ्रेमचे नोजपॅड वाकवून ती वर-खाली करता येते. जाड प्लास्टिकची मात्र नाकाचा उतार जिथे थोपवेल तिथेच थांबते. म्हणून रुंदीबाबत चित्रावर विश्वास ठेवावा, उंचीबाबत ते अंदाज समजावे. काडी कानामागे पुरेल का, हसताना गालाला फ्रेम लागेल का, घामाने घसरेल का, हे नाकावर ठेवूनच पाहावे लागते. शिवाय चित्रातल्या काचा बिननंबरी असतात. उणे सातच्या खऱ्या काचेमागे माझे डोळे सुमारे दहा टक्के लहान दिसतात आणि गालाची कड आत सरकलेली दिसते.

चष्मेवाल्यांनी यातले बहुतेक मान्य केले. एका मुद्द्यावर ते अडले. "चित्रात फ्रेम मोठी दिसली तर गिऱ्हाईक ती घेणार नाही," ते म्हणाले. मी त्यांना विचारले, की न बसणारी फ्रेम घेऊन महिनाभराने परत येणाऱ्यांचे तुम्ही काय करता. ते काही बोलले नाहीत. त्यांनी १३०च्या फ्रेमच्या काडीला लाल धागा बांधला आणि ती विक्रीच्या खणातून काढून गल्ल्याशेजारी ठेवली.